लाल दिवा लागला की आधी चावी

बॅकहो लोडर भाड्याने चालवणाऱ्याचा सगळा हिशेब तासावर असतो. तासाला हजार-बाराशे रुपये मिळतात, त्यातून डिझेल जातं, ऑपरेटरचा पगार जातो, बँकेचा हप्ता जातो. अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लागला आणि बझर वाजला, की ऑपरेटरच्या मनात पहिल्यांदा येतं ते हेच की हातातला चर तेवढा संपवू आणि मग बघू. मालकाला फोन लावला तरी बऱ्याचदा हेच उत्तर मिळतं. मशीन त्यानंतरही अर्धा तास चालते, म्हणून ‘दिवा उगाच लागतो’ असा समज पक्का होतो. हा लेख त्या अर्ध्या तासात आत काय घडतं याबद्दल आहे, आणि तेही दोनच दिव्यांपुरता: हायड्रॉलिक तेल गरम झाल्याचा आणि इंजिन थांबवायला सांगणारा.

आधी दिवे ओळखू. हायड्रॉलिक तापमानाच्या खुणेत थर्मामीटर असतो आणि त्याच्याजवळ तेलाची टाकी किंवा थेंब. इंजिनच्या पाण्याच्या खुणेतही थर्मामीटरच असतो, पण तो लाटांमध्ये बुडालेला. घाईत या दोघांची गल्लत होते. इंजिन थांबवण्याचा दिवा लाल असतो. काही मशीनवर तिथे सरळ STOP लिहिलेलं असतं, काहींवर इंजिनच्या आकृतीत उद्गारचिन्ह. जुन्या मशीनवर असा वेगळा दिवा नसतो, तिथे तेलाच्या बुधलीची लाल खूण, म्हणजे ऑइल प्रेशरचा दिवा, तेच काम करते. पिवळा दिवा म्हणजे भार कमी करा आणि कारण शोधा. लाल दिवा म्हणजे काम बंद. कंपनी कोणतीही असो, रंगांचा हा अर्थ बदलत नाही.

दोन्ही दिव्यांना ‘थांबा’ म्हणायचं असलं तरी थांबण्याची रीत सारखी नाही, आणि नुकसान नेमकं इथेच होतं. म्हणून इंजिनच्या दिव्यापासून सुरुवात करतो.

क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरत नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो आणि पंप दाबाखाली तेल पोहोचवत राहिला तरच टिकतो. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला ३३ वेळा फिरतो. दाब गेल्यावर ऑपरेटरने ‘बकेट भरून टाकतो आणि मग बंद करतो’ म्हणून दहा सेकंद घेतले, तर तेवढ्यात शाफ्टचे ३३० फेरे झाले, तेही पूर्ण भाराखाली. बेअरिंगच्या शेलवरचा मऊ धातू आधी चोपडला जातो, मग तापून चिकटतो, मग शेल जागेवर फिरतो आणि तेल येण्याचं भोकच बंद होतं. त्यानंतर येणारा ठक्‌ठक्‌ आवाज गॅरेजमध्ये सगळ्यांना ओळखीचा आहे. शेल बदलून भागेल ते काम क्रँक ग्राइंडिंगवर जातं, आणि ब्लॉकपर्यंत पोहोचलं की खर्च लाखांत मोजावा लागतो.

इथे एक चांगली सवय उलटते. टर्बो असलेलं इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं रिकामं चालवावं, हे ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. ते बरोबरच आहे. पूर्ण भाराखाली टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि गरम असतानाच तेल थांबलं तर ते तिथेच जळून कोळसा होतं. पण हा नियम निरोगी इंजिनसाठी आहे. तेलाचा दाबच गेला असेल तर रिकामं चालवल्याने टर्बोला काहीच मिळत नाही. पंपाकडून तेल येतच नाही, आणि टर्बोबरोबर बाकीचं इंजिनही कोरडं फिरत राहतं. लाल दिवा आणि ऑइल प्रेशर अशी जोडी दिसली की तीन मिनिटांचा नियम विसरायचा. थ्रॉटल खाली, चावी बंद.

पाणी तापल्यावर लोक वेगळा युक्तिवाद करतात. इंजिन एकदम बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि हेड आणखी तापतं, असं ते म्हणतात. काटा नुसता चढत असेल आणि लाल दिवा लागला नसेल, तर हे खरं आहे. भार काढा, इंजिन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, काटा उतरतो का बघा. पण STOP लागल्यावर हा प्रयोग करण्याची वेळ गेलेली असते. आत पाणी शिल्लक आहे की होज फुटून सांडून गेलं, हे केबिनमध्ये बसून कळत नाही. पाणीच नसेल तर सेन्सर वाफेचं तापमान सांगतो, आणि ते कधी कधी खऱ्याहून कमीही दिसतं. अशा वेळी इंजिन चालू ठेवून हेड थंड होत नाही, वाकतं.

सीईव्ही स्टेज ४ चे नियम २०२१ मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक नवी मशीन इलेक्ट्रॉनिक इंजिनची येतात. त्यात धोका दिसला की संगणक आपणहून ताकद कमी करतो आणि काही मॉडेलमध्ये थोड्या वेळाने इंजिन बंदही करतो. यावर विसंबू नये. ही सोय प्रत्येक मॉडेलमध्ये नसते, आणि असली तरी ती थोडी मुदत देते. ती मुदत मशीन सुरक्षित उभी करण्यासाठी असते, राहिलेली खेप टाकण्यासाठी नाही. डिस्प्लेवर आकडे येत असतील तर बंद करण्याआधी मोबाइलने फोटो काढता आला तर काढा, नाही जमलं तरी हरकत नाही, बहुतेक वेळा कोड आत साठवलेला राहतो. `SPN 100 FMI 1` म्हणजे इंजिन ऑइलचा दाब गंभीर पातळीखाली गेला. `SPN 110 FMI 0` म्हणजे पाण्याचं तापमान गंभीर पातळीवर चढलं. मेकॅनिकला फोनवर हे आकडे सांगितले तर तो बरोबर सामान घेऊन निघतो.

आता हायड्रॉलिकचा दिवा. हा लागला तर इंजिन काही सेकंदांत मरत नाही, म्हणून त्याला कोणी जुमानत नाही. त्याचा मार इतका सावकाश असतो की बिल येतं तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही नसतं.

उष्णता कुठून येते ते एका हिशेबातून बघू. पंप मिनिटाला १०० लिटर तेल २०० बारच्या दाबाने देतो असं धरा. बॅकहोच्या बाबतीत हे आकडे अवास्तव नाहीत. लिटर आणि बार यांचा गुणाकार करून ६०० ने भागलं की किलोवॅट मिळतात, म्हणजे इथे ३३ किलोवॅट. बकेट खडकात अडकली, सिलिंडर हलत नाही आणि ऑपरेटर लिव्हर ओढून धरून बसला, तर हे सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातं आणि ही सगळी शक्ती उष्णता बनते. घरातले दोन किलोवॅटचे सोळा गीझर एकाच टाकीत सोडल्यासारखं हे आहे. यंत्रणेत १२० लिटर तेल असेल आणि कूलरने काहीच उष्णता बाहेर काढली नाही, तर तापमान मिनिटाला नऊ-दहा अंशांनी चढतं. ७० अंशांवरचं तेल तीन मिनिटांत ९५ च्या पुढे. प्रत्यक्षात कूलर बरीच उष्णता नेतो आणि कोणी सलग तीन मिनिटं लिव्हर धरत नाही, म्हणून ते इतक्या वेगाने चढत नाही. पण कूलर चोंदला असेल आणि काम कठीण दगडात असेल, तर मशीन याच दिशेने निघालेली असते.

८० अंशांच्या पुढे गोष्ट बिघडते ती तेल पातळ झाल्यामुळे. ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक जाड असतं. तेच ८० अंशांना साधारण ११-१२ वर येतं, आणि १०० ला सातच्याही खाली. पंपाला आतल्या भागांमध्ये थर टिकवायला साधारण दहाच्या वर जाडी लागते. त्याखाली तेल फटींमधून मागे गळू लागतं. हे गळणं बाहेर दिसत नाही. दाबाखालचं तेल काम न करता फटीतून सुटतं तेव्हा ती शक्तीही उष्णताच होते. तेल आणखी तापतं, आणखी पातळ होतं, आणखी गळतं. बूम सुस्त झाला म्हणून ऑपरेटर थ्रॉटल वाढवतो आणि पंप आणखी तेल ढकलतो. दिवा लागतो तो या फेऱ्याच्या मध्यावर. म्हणूनच तो आपोआप विझण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. काम चालू असताना हा फेरा तोडणारं काहीच नसतं.

सीलचं नुकसान त्याहून सावकाश. अनेक सिलिंडरमध्ये नायट्राइल रबराचे सील असतात. ते सततच्या १०० अंशांच्या आसपास कडक होऊ लागतात, पण गळत मात्र लगेच नाहीत. तापलेली मशीन त्या दिवशी ठीक चालते, दुसऱ्या दिवशीही चालते. महिन्या-दीड महिन्याने डिपरचा सिलिंडर रडायला लागतो, मग लोडरचा, मग कंट्रोल व्हॉल्व्ह. मालक म्हणतो, यंदा सील किटच खराब आली. तेलाचंही तसंच होतं. साधारण ६० अंशांच्या वर दर दहा अंशांना ते खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. काळपट रंग आणि जळका वास आला म्हणजे तेल तासांच्या हिशेबाने अजून चालणारं असलं तरी आतून संपलेलं असतं.

तर हा दिवा लागल्यावर करायचं काय? काम तिथेच थांबवा. बकेट जमिनीवर टेकवा, लोडर खाली घ्या, लिव्हर मोकळे सोडा आणि इंजिन बंद करा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत भार काढून इंजिन मंद चालू ठेवा, म्हणजे पंखा तेल थंड करील, असं लिहिलेलं असतं. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत तसं असेल तर तसं करा, पण त्याला एक अट आहे: पंखा फिरत असला पाहिजे. तेव्हा आधी बाकीचे दिवे बघा. तापमानाच्या दिव्याबरोबर बॅटरीची लाल खूणही लागली असेल, तर फॅन बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. अनेक इंजिनांत एकाच बेल्टवर अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पंखा असतो. डिझेल इंजिन त्या बेल्टशिवायही मजेत चालत राहतं, म्हणून बॅटरीच्या दिव्याकडे कोणी बघत नाही. अशा वेळी मंद चालवणं म्हणजे हायड्रॉलिकच्या जोडीला इंजिनही तापवणं. पुस्तिका हाताशी नसेल, नक्की काय ते ठाऊक नसेल, तर बंद करणं हेच कमी नुकसानीचं.

बंद करण्याआधीचे काही सेकंद मात्र डोकं ताळ्यावर ठेवून घालवायचे. हेल्पर चरात असेल तर त्याला आधी बाहेर बोलवा. मशीन रस्त्यावर धावत असेल तर धावतानाच चावी फिरवू नका. इंजिन गेलं की स्टिअरिंगला दाब मिळत नाही, चाक दगडासारखं जड होतं. डावीकडे घ्या, थांबा, हँडब्रेक लावा, मग बंद करा. ऑइल प्रेशरचा दिवा असला तरी एवढे सेकंद द्यावेच लागतात. इंजिन पुन्हा बांधता येतं. लोडर वर राहिला आणि इंजिन बंद पडलं तर साध्या लिव्हरच्या मशीनवर लिव्हर पुढे ढकलली की तो आपल्या वजनाने उतरतो. इलेक्ट्रिक जॉयस्टिकच्या मशीनवर चावी ऑन ठेवावी लागते. दोन्ही वेळी खाली कोणी नाही हे बघूनच.

उतरल्यावर हात आवरा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्यातलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांवरही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. हायड्रॉलिक टाकीच्या झाकणालाही तेच. होज कुठे फवारते का ते बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीत शिरते तेव्हा टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत पसरलेल्या तेलाने बोट, कधी हातही कापावा लागतो. अशी जखम झाली तर मलमपट्टी करून कामाला लागायचं नाही. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगायचं.

एक उदाहरण घेऊ. मे महिना, जालन्याकडचं शेत, पाइपलाइनचा चर. दीड-दोन फुटांवर काळा पाषाण लागला म्हणून बकेट काढून ब्रेकर लावला. सावलीतही ४२ अंश. सकाळी मशीन चपळ होती. साडेअकराच्या सुमाराला बूम उचलायला वेळ लागू लागला आणि पंपाचा आवाज चिरका झाला. ऑपरेटरने थ्रॉटल थोडा वाढवला. एकच्या सुमाराला हायड्रॉलिकचा दिवा लागला.

शेतकरी म्हणाला, “दादा, दहाच फूट राह्यलं हो, तेवढं फोडून द्या.” ऑपरेटरने ब्रेकर टेकवला आणि चावी बंद केली. बंद करण्याआधी पाण्याचा काटा लाल पट्टीच्या खाली होता. बॅटरीचा दिवा लागलेला नव्हता, म्हणजे बेल्ट शाबूत. अर्ध्या तासाने बघितलं तर काचेत तेलाची पातळी ठीक होती, फेस नव्हता. पुढची जाळीही स्वच्छ दिसत होती, कारण ती तो रोज फडक्याने पुसायचा. जाळी काढून आत टॉर्च मारला तेव्हा कळलं. ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत गव्हाचा भुसा आणि धूळ यांचा गालिचा बसला होता. मार्चमध्ये हीच मशीन मळणीच्या खळ्यावर भुसा भरायला होती. तेव्हापासून अर्धा कूलर झाकलेला, पण मातीच्या हलक्या कामात ते जाणवलं नव्हतं.

कॉम्प्रेसर मागवून हवा पंख्याच्या बाजूने पुढे मारली. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून कचरा आला त्याच वाटेने उलटा बाहेर काढायचा. पुढून हवा मारली तर गालिचा आणखी घट्ट बसतो, आणि पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर कूलरच्या पात्या आडव्या होतात, मग तो कायमचाच चोंदतो. कूलरच्या दोन्ही पाइपांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरण्याची सवय इथे उपयोगी पडते. हे यंत्र हजार-दीड हजाराला मिळतं. तेल आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान जवळपास सारखंच असेल तर कूलर काम करत नाही. साफ केल्यावर फरक लगेच वाढतो.

दुसरं कारण ऑपरेटरच्या हातात होतं. दगड फुटत नाही म्हणून तो एकाच जागी मिनिटभर ब्रेकर ठोकत होता. पंधरा ते तीस सेकंदांत दगडाला चीर गेली नाही तर टोक हलवून कडेला लावायचं, हा ब्रेकरचा साधा नियम. त्यापुढचे ठोके दगडात कमी आणि तेलात जास्त जातात. मशीन चारच्या सुमाराला पुन्हा सुरू झाली, राहिलेला चर उन्हं उतरल्यावर संपला आणि दिवा परत लागला नाही. गेले तीन तास, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये. पंप बदलायचा तर हा आकडा वाहतूक खर्चातच जातो.

भुशाच्या जागी कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं पाचट आणि बगॅस असतं, अकोला-यवतमाळच्या जिनिंगमध्ये कापसाचे तंतू. तिथे चोंदलेला कूलर नुसता तापत नाही. गळणारी होज, गरम टर्बो आणि त्यावर साठलेला कोरडा कचरा यांतून मशीनला आग लागते. अशा आवारात काम असेल तर कूलर आठवड्याने नाही, रोज संध्याकाळी बघायचा.

कूलर स्वच्छ असूनही दिवा लागत असेल तर मशीन सकाळी कशी होती ते आठवा. सकाळी चपळ आणि तापल्यावर ढिली, हे पंप किंवा सिलिंडर आतून झिजल्याचं लक्षण. सकाळपासूनच ढिली असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह कोणी सैल केला का विचारा. तो कमी दाबाला उघडत असेल तर प्रत्येक कामात थोडं तेल फुकट सुटतं आणि तापतं. या व्हॉल्व्हचे स्क्रू गेज लावल्याशिवाय फिरवायचे नसतात, पण रस्त्याकडेचे मेकॅनिक अंदाजाने फिरवतात. एकच सिलिंडर किंवा व्हॉल्व्हचा एकच भाग बाकीच्यांपेक्षा बराच गरम आढळला तर गळती तिथे शोधा. तेही थर्मामीटरने, हात लावून नाही.

पुन्हा कधी सुरू करायचं? हायड्रॉलिकच्या बाबतीत तेल ६० अंशांच्या आसपास उतरल्यावर आणि कारण सापडल्यावर. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागून बंद केलं असेल तर ‘दिवा परत लागतो का बघू’ म्हणून एकदाही स्टार्टर मारायचा नाही. मशीन सपाट जागी, दहा-पंधरा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. तेल कमी असेल तर गेलं कुठे ते शोधून भरा. तेल पुरेसं असेल तर सेन्सर बिघडला असेल किंवा दाब खरंच गेला असेल, आणि दोन्हीतलं कोणतं हे मेकॅनिकच्या यांत्रिक गेजने ठरतं, ऑपरेटरच्या कानाने नाही.

आणि ही सगळी चर्चा दिवा लागतच असेल तर. बझरची वायर तोडलेली, बल्ब काढलेला, सेन्सरचा प्लग उपसलेला अशा मशीन बाजारात खूप फिरतात, जुन्या विकत घेताना तर हमखास भेटतात. तपासायला अर्धं मिनिट लागतं. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. ऑइल प्रेशरचा दिवा लागलाच पाहिजे, कारण दाब अजून नाही. तापमानाचे आणि STOP चे दिवे साधारण दोन-तीन सेकंद लागून विझतात, बझर एकदा वाजतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत जायला हवा. चावी ऑन करूनही तो लागला नाही, तर आधी त्याची दुरुस्ती करून घ्या, डिझेल नंतर भरा. विकत घेताना असा दिवा आढळला तर विकणाऱ्याने तो का काढला हे विचारा, आणि उत्तर काहीही मिळालं तरी इंजिनचा दाब गेजवर मोजल्याशिवाय बयाणा देऊ नका.